कड्यापाशी उरणारा उंचवटा

गणिताच्या इतिहासात एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन याने शिकागोत, सॅम्युएल स्ट्रॅटन या सहकाऱ्याबरोबर, ऐंशी तरंगांची बेरीज करणारे एक यंत्र बनवले. ऐंशी लहान स्प्रिंगा एका दांडीला ओढत, समोरून एक मोठी स्प्रिंग त्यांना तोलून धरी आणि दांडीला जोडलेली लेखणी सगळ्या ओढींची बेरीज कागदावर रेखाटत जाई. यंत्राला एकदम उडी घेणारा वक्र काढायला सांगितला, की उडीच्या दोन्ही कडांना लेखणी नको तितकी वर चढे आणि नको तितकी खाली जाई. मायकेलसनला वाटले, यंत्रात दोष आहे. त्याने दांडे तपासले, स्प्रिंगा तपासल्या. उंचवटा काही जाईना. शेवटी येल विद्यापीठातल्या जोसाया विलर्ड गिब्जने सांगितले, की दोष यंत्राचा नाही, गणितच असे आहे. म्हणून त्या उंचवट्याला ‘गिब्जची घटना’ म्हणतात.

गोष्ट सुबक आहे. यंत्र खरे आहे, मायकेलसन आणि गिब्ज खरे आहेत, उंचवटाही खरा आहे. पण १८९८-९९ साली ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आलेला पत्रव्यवहार क्रमाने वाचला, तर गोष्टीचा मधला भाग तिथे सापडत नाही. मायकेलसनचे पत्र उंचवट्याबद्दल नव्हतेच. शिवाय उंचवट्याचा शोध त्याआधी पन्नास वर्षे लागलेला होता. तो छापलेला होता आणि विसरला गेला होता. या लेखात मला दोन प्रश्नांचा मागोवा घ्यायचा आहे. हा उंचवटा येतो कशामुळे? आणि छापून झालेला असताना पन्नास वर्षे तो कुणाला दिसला कसा नाही? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच दुसऱ्याचे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते.

फूरियेची चौकोनी लाट

जोसेफ फूरियेने १८०७ साली पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे उष्णतेच्या वहनावर एक निबंध ठेवला आणि १८२२ साली तोच विषय ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात त्याने केलेला दावा त्या काळाला धक्का देणारा होता: कोणतीही नियतकालिक आकृती, अगदी तुटक असली तरी, साध्या लहरींच्या अनंत बेरजेने मांडता येते. लाग्रांजसारख्या ज्येष्ठ गणितज्ञाला हे पटले नाही. साइनची प्रत्येक लहर गुळगुळीत, अखंड. अखंड गोष्टींच्या बेरजेतून तुटलेली गोष्ट कशी निघेल?

फूरियेच्या ग्रंथातले एक ठळक उदाहरण चौकोनी लाटेचे आहे. अर्धा काळ उंची १, मग एकदम खाली उडी, उरलेला अर्धा काळ उंची उणे १, आणि पुन्हा तेच. मूळ बिंदूपाशी खालून वर उडी येईल अशी ती मांडली, तर तिची श्रेढी अशी होते:

(4/π) (sin x + (1/3) sin 3x + (1/5) sin 5x + (1/7) sin 7x + …)

फक्त विषम पटीच्या लहरी, आणि प्रत्येकीची उंची त्याच विषम संख्येने भागलेली. उडीच्या ऐन बिंदूवर, म्हणजे x शून्य असताना, सगळ्या लहरी शून्य होतात आणि बेरीजही शून्य येते. १ आणि उणे १ यांच्या बरोबर मध्ये. उडी सोडून दुसरा कोणताही बिंदू घ्या, पुरेशी पदे मिळवा, की बेरीज १ च्या किंवा उणे १ च्या हवी तितकी जवळ येते. फूरियेचे म्हणणे इथवर निर्विवाद खरे ठरले.

आता हेच कागद-पेन्सिल घेऊन करून पाहू. पहिले एकच पद घेतले, तर लाटेचा माथा x = ९० अंशांवर येतो आणि त्याची उंची १.२७३ भरते. दोन पदे घेतली, की उडीच्या सर्वांत जवळचा माथा ४५ अंशांवर सरकतो; उंची १.२००. तीन पदांना तो ३० अंशांवर येतो. तिथे गणित तोंडी होण्याइतके सोपे आहे: साइन ३० म्हणजे अर्धा, साइन ९० चा तिसरा हिस्सा, साइन १५० म्हणजे पुन्हा अर्धा, त्याचा पाचवा हिस्सा. बेरीज ०.९३३, तिला १.२७३ ने गुणले, की १.१८८. चार पदांना माथा साडेबावीस अंशांवर, उंची १.१८४. दहा पदांना नऊ अंशांवर, उंची १.१८०.

इथे थांबून आकड्यांकडे पाहावे. माथा उडीकडे सरकतो आहे, ९० अंशांवरून ९ अंशांवर आला. पण उंची? ती सुरुवातीला झपाट्याने उतरली आणि मग १.१८ पाशी जणू रुतून बसली. शंभर पदे घेतली तरी ती १.१७९ येते. लाखभर पदे घेतली तरी तेवढीच. लाटेची उंची १ असायला हवी. उंचवटा तिच्यावर ०.१७९ ने, म्हणजे उणे १ पासून १ पर्यंतच्या संपूर्ण उडीच्या जवळजवळ नऊ टक्क्यांनी, कायम डोके वर काढून असतो. पदे वाढवल्याने तो बुटका होत नाही. तो अरुंद होतो आणि कड्याला अधिकाधिक चिकटतो, इतकेच.

उंचवटा का येतो

याचे कारण समजायला फार यंत्रसामग्री लागत नाही. पदांची संख्या n धरू. उडीजवळच्या पहिल्या माथ्यावर x ची किंमत π/2n असते. ती श्रेढीत घातली, की पदे साइन(π/2n), साइन(3π/2n) चा तिसरा हिस्सा, साइन(5π/2n) चा पाचवा हिस्सा अशी येतात. या पदांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले, तर प्रत्येक पद म्हणजे एका अरुंद पट्टीचे क्षेत्रफळ आहे. वक्र कोणता? sin u भागिले u. शून्यापासून π पर्यंतचे अंतर n सारख्या पट्ट्यांत कापायचे आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावरची उंची घ्यायची. आपली बेरीज नेमकी हेच करते. n वाढला की पट्ट्या बारीक होतात आणि बेरीज त्या वक्राखालच्या खऱ्या क्षेत्रफळाकडे जाते. हे क्षेत्रफळ १.८५१९ आहे. त्याला 2/π ने गुणले की १.१७९. पदे वाढवली तर पट्ट्या बारीक होतात, क्षेत्रफळ बदलत नाही. म्हणून उंचवटाही बदलत नाही.

पण क्षेत्रफळ नेमके ‘जास्त’ का भरते? sin u भागिले u हा वक्र शून्यापासून उजवीकडे जाताना एक मोठी टेकडी करतो, मग अक्षाखाली एक उथळ खड्डा, मग एक लहान टेकडी, मग आणखी उथळ खड्डा. प्रत्येक टेकडी-खड्डा आधीच्यापेक्षा लहान. पहिल्या टेकडीचे क्षेत्रफळ १.८५२, पुढच्या खड्ड्याचे ०.४३४, त्यापुढच्या टेकडीचे ०.२५७. सगळ्यांची धन-ऋण बेरीज अनंतापर्यंत केली, की ती π/2, म्हणजे १.५७१ येते; आणि 2/π ने गुणल्यावर नेमका १. लाटेची खरी उंची म्हणजे हा संपूर्ण हिशोब. उडीपासून बाजूला जाऊ तसतसे आपण हा हिशोब एकेक टेकडी-खड्डा ओलांडत पुरा करत असतो. पहिली टेकडी संपली की जमा १.१७९ वर, पहिला खड्डा संपला की ०.९०३ वर, दुसरी टेकडी संपली की १.०६६ वर. ही जमा एकाआड एक वाढणार आणि घटणार आणि प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्यापेक्षा लहान असणार. अशा जमाखर्चात पहिली जमा शेवटच्या शिलकेपेक्षा जास्त असल्याशिवाय गत्यंतर नाही. कारण तिच्यानंतर येणारा पहिला मोठा व्यवहार खर्चाचा आहे.

उंचवट्यामागोमाग दिसणाऱ्या विरत जाणाऱ्या तरंगांचेही हेच मूळ. उडीच्या खालच्या बाजूला हेच चित्र उलटे दिसते. आणि हे केवळ चौकोनी लाटेपुरते नाही. ज्या ज्या फलनात अशी साधी उडी असेल, तिथे उडीच्या उंचीच्या सुमारे ८.९५ टक्के इतका उंचवटा प्रत्येक बाजूला उरतो.

बिंदूचा प्रश्न आणि वक्राचा प्रश्न

मग फूरिये चुकला का? मुळीच नाही, आणि गोम इथेच आहे. एक बिंदू पक्का धरा. समजा उडीपासून एक अंशावर. पदे वाढत जातील तसा माथा उडीकडे सरकत तुमच्या बिंदूवरून निघून जाईल आणि त्यानंतर तुमच्या बिंदूवर उरतील ते केवळ विरत जाणारे तरंग. बेरीज १ कडेच जाईल. कोणताही बिंदू धरा, कितीही जवळचा, माथा कधी ना कधी त्याला ओलांडून पुढे जातोच. बिंदूला विचारले, तर उत्तर येते ‘सर्व ठीक आहे’. संपूर्ण वक्राला विचारले, तर उत्तर येते ‘उंचवटा आहे तिथेच आहे’. दोन्ही उत्तरे खरी, कारण दोन्ही प्रश्न वेगळे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले गणित पहिला प्रश्न विचारण्यात गुंतले होते. कोशीने १८२१ साली असे विधान केले, की संतत फलनांची अभिसारी श्रेढी संततच असते. १८२६ मध्ये आबेलने साइनच्या अशाच एका श्रेढीकडे बोट दाखवून म्हटले, की या विधानाला अपवाद दिसतात. त्या पेचातून पुढे ‘एकसमान अभिसारिता’ ही कल्पना निघाली: सगळ्या बिंदूंवर बेरीज एकाच वेळी, एकाच मापाने जवळ येते का, हा प्रश्न. चौकोनी लाटेबाबत त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि आपला उंचवटा म्हणजे त्या ‘नाही’चे डोळ्यांना दिसणारे रूप. ही कल्पना स्टोक्स आणि झायडेल यांच्या लेखनात १८४७-४८ च्या सुमारास आकार घेत होती.

नेमक्या त्याच सुमारास, १८४८ साली, ‘केंब्रिज अँड डब्लिन मॅथेमॅटिकल जर्नल’मध्ये चार पानांचा एक लेख आला. लेखक हेन्री विल्ब्रॅहम, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला, वय बावीस. विषय एका नियतकालिक फलनाचा. फूरियेचीच चौकोनी लाट, कोसाइनच्या रूपात लिहिलेली. विल्ब्रॅहमने बिंदू पक्का धरला नाही. मर्यादित पदांचा वक्र डोळ्यांपुढे ठेवला, पदे वाढवल्यावर तो कसकसा बदलतो ते पाहिले, आणि सांगितले, की वक्र ज्या आकृतीकडे जातो तिच्यात उडीच्या जागी उभी रेषा येते खरी, पण ती लाटेच्या दोन पातळ्यांशी थांबत नाही. दोन्हीकडे थोडी पुढे जाते. किती पुढे, हेही त्याने sin u भागिले u याच वक्राच्या क्षेत्रफळाने मांडले. आज आपण जे सांगतो, त्यातले सार त्या चार पानांत आहे.

लेख विस्मृतीत गेला. विल्ब्रॅहम काही वर्षे ट्रिनिटीचा फेलो होता. अखेरच्या वर्षांत तो मँचेस्टरच्या चॅन्सरी न्यायालयात जिल्हा निबंधक होता आणि १८८३ साली वारला. त्याच्या मागे शिष्यपरंपरा नव्हती हे एक कारण असेल. पण मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. ज्यांनी श्रेढीचा कसून विचार केला, त्यांचा प्रश्न बिंदूचा होता, आणि त्या प्रश्नाला विल्ब्रॅहमच्या लेखात उत्तर नव्हते. विचारला न गेलेल्या प्रश्नाचे उत्तर कुणी जपून ठेवत नाही.

‘नेचर’मधली पत्रे

आता पुन्हा मायकेलसनकडे. ऑक्टोबर १८९८ मध्ये त्याने ‘नेचर’ला लिहिलेल्या पत्रात तक्रार होती ती पाठ्यपुस्तकांच्या भाषेबद्दल. संतत वक्रांची बेरीज तुटक फलन ‘दाखवते’ हे भौतिकशास्त्रज्ञाच्या मनाला पटत नाही, असा त्याचा सूर होता. त्याचे उदाहरण करवतीच्या दातांसारख्या लाटेचे होते. पदांची संख्या वाढते तसा बिंदूही उडीच्या जवळ नेला, तर बेरीज मधल्याही किंमती घेते, हा त्याचा मुद्दा. लाग्रांजचाच जुना संशय नव्या रूपात आला होता. इंग्लंडमधल्या ए. ई. एच. लव्हने आठवड्याच्या आत उत्तर दिले: श्रेढीची बेरीज म्हणजे आधी बिंदू पक्का करायचा आणि मग पदे वाढवायची, दोन्ही एकदम हलवली तर ती त्या श्रेढीची बेरीज नव्हे. व्याख्येनुसार लव्ह बरोबर होता. पण मायकेलसन विचारत होता तो वक्राचा प्रश्न, आणि लव्ह उत्तर देत होता बिंदूच्या प्रश्नाचे.

हा घोळ गिब्जच्या ध्यानात आला. डिसेंबर १८९८ च्या पत्रात त्याने भेद मांडला: वक्र ज्या आकृतीकडे जातात ती एक गोष्ट, आणि बेरीज ज्या फलनाकडे जाते त्याची आकृती ही दुसरी गोष्ट. पहिलीत उभी रेषा येते, दुसरीत येत नाही. मात्र ती उभी रेषा त्याने उडीच्या दोन टोकांपाशीच थांबवली. उंचवटा त्याच्याही नजरेतून निसटला होता. एप्रिल १८९९ मध्ये त्याने स्वतःच दुरुस्ती छापली: रेषा दोन्हीकडे पुढे जाते, आणि तिची लांबी sin u भागिले u या वक्राच्या क्षेत्रफळाने ठरते. पत्र अगदी छोटे होते. सिद्धता त्यात नव्हती.

म्हणजे मायकेलसनच्या पत्रात यंत्राच्या दोषाची शंका नाही आणि गिब्जने उंचवटा गाठला तो दुसऱ्या प्रयत्नात. स्प्रिंगा तपासत बसलेल्या शास्त्रज्ञाची कहाणी नंतर कुणीतरी विणली असावी. ती टिकली याचे कारणही उघड आहे: यंत्र खोटे की गणित खोटे, हा झगडा सांगायला सोपा असतो. दोन प्रश्न एकमेकांशी न बोलता शेजारी उभे होते, ही खरी हकिगत सांगायला अवघड.

१९०६ साली हार्वर्डच्या माक्सिम बोशरने फूरिये श्रेढीवरच्या लेखात या घटनेची व्यवस्थित सिद्धता दिली आणि तिला गिब्जचे नाव दिले. विल्ब्रॅहम त्याला ठाऊक नव्हता. १९२५ मध्ये कार्सलॉ या गणितज्ञाने एका ऐतिहासिक टिपणात १८४८ च्या लेखाकडे लक्ष वेधले, आणि १९७९ मध्ये एडविन आणि रॉबर्ट हेविट यांनी या साऱ्या प्रकरणाचा सविस्तर इतिहास लिहून ‘गिब्ज-विल्ब्रॅहम’ असे जोडनाव वापरले. पाठ्यपुस्तकांत अजून बहुधा एकटा गिब्जच भेटतो.

जेव्हा उंचवटा रोग दाखवतो

हे सारे कागदावरचे कुतूहल म्हणून सोडून देता आले असते. पण फूरियेची श्रेढी आज रुग्णालयात रोज मोजली जाते. एमआरआय यंत्र शरीराचे चित्र थेट घेत नाही. ते चित्राच्या लहरी मोजते आणि संगणक त्यांची बेरीज करून चित्र उभे करतो. लहरी अनंत मोजता येत नाहीत. म्हणजे प्रत्येक एमआरआय चित्र ही एक आंशिक बेरीज आहे, आणि जिथे उजळ आणि काळा भाग एकमेकांना भिडतात तिथे उंचवटा आणि त्यामागचे तरंग येणारच.

मानेतला मज्जारज्जू घेऊ. ज्या प्रकारच्या चित्रात मज्जा उजळ आणि भोवतीचे द्रव काळे दिसते, त्यात मज्जेच्या दोन्ही कडा म्हणजे दोन उड्या. समजा, २५६ मिलिमीटरचा भाग त्या दिशेने १२८ मोजण्यांत टिपला. मग कडेपासून आत उंचवटा २ मिलिमीटरवर येतो आणि त्यामागचा पहिला खड्डा ४ मिलिमीटरवर. मज्जारज्जूची जाडी ८ मिलिमीटर असेल, तर दोन्ही कडांचे खड्डे नेमके मध्यावर एकमेकांवर पडतात. एकेक खड्डा उडीच्या जवळपास पाच टक्के खोल. दोन मिळून दहा टक्के. चित्रात मज्जेच्या मधोमध एक काळी उभी रेघ दिसते, आणि मज्जेत द्रवाने भरलेली पोकळी हा एक खरा, गंभीर आजार आहे. त्याचे चित्रही बरेचसे असेच दिसते. एमआरआयच्या सुरुवातीच्या काळात या सारखेपणाने फसगत होऊ शकते हे लक्षात आले, आणि आजही क्ष-किरण विभागात शिकणाऱ्यांना ही रेघ ओळखायला शिकवतात.

ओळखायची कशी? वर सांगितलेले गणितच उपयोगी पडते. मोजण्या १२८ ऐवजी २५६ करा. उंचवटा आणि खड्डे कड्याकडे सरकतील. पहिला खड्डा आता ४ ऐवजी २ मिलिमीटरवर येईल आणि मधली रेघ निम्मी फिकट होईल. खरी पोकळी असेल तर ती आपली जागा सोडणार नाही. उलट अधिक स्पष्ट होईल. मोजण्या वाढवल्यावर जे सरकते ते बेरजेचे, जे जागेवर राहते ते शरीराचे.

उंचवटा मुळातून घालवण्याचा मार्गही आहे. १९०० साली विशीतल्या लिपोट फेयेर या हंगेरियन गणितज्ञाने सुचवले, की शेवटची आंशिक बेरीज घेण्याऐवजी आतापर्यंतच्या सगळ्या आंशिक बेरजांची सरासरी घ्यावी. त्या सरासरीत प्रत्येक ठिकाणची किंमत मूळ लाटेच्या किंमतींचीच भारित सरासरी असते आणि कोणताही भार ऋण नसतो. म्हणून ती १ च्या वर जाऊच शकत नाही. पण याची किंमत मोजावी लागते. उडीपाशी साध्या बेरजेचा जो चढ असतो, त्याच्या सुमारे निम्माच चढ सरासरीत उरतो. कडा बोथट होते, चित्र धूसर होते. रुग्णालयातले संगणक उच्च लहरींना थोडे थोडे दाबून याचीच सौम्य आवृत्ती वापरतात, आणि तिथेही तीच देवघेव चालते: तरंग घालवायचे तर कडा मऊ होते, कडा धारदार ठेवायची तर तरंग राहतात. मर्यादित लहरींतून दोन्ही हवे म्हणून चालत नाही.

म्हणून एमआरआयच्या चित्रावर रेघ दिसली, की जाणकार आधी मोजण्या किती घेतल्या ते पाहतो आणि रेघ कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजतो. एका बिंदूवरच्या काळेपणाने त्याचे समाधान होत नाही; त्याला संपूर्ण वक्र हवा असतो. विल्ब्रॅहमने १८४८ मध्ये विचारला होता तो हाच प्रश्न.